वेळ मागितली कुठली, दिली कुठली!

मी मागितलं काय आणि मिळालं काय, हे आठवलं की अजून डोकं फिरतं.

ऑनलाइन टेस्ट गुरुवारी. संध्याकाळी ६ ला उघडणार, ८ ला बंद होणार, आणि एकदा सुरू केली की हातात ६० मिनिटं. माझी शिफ्ट २ ते १०. शिफ्टचा तक्ता लागतो रविवारी रात्री, म्हणजे सोमवारी सकाळी टेस्ट घेणाऱ्यांना मेल करण्याआधी मला कळायला काही मार्गच नव्हता. तक्त्याचा फोटो जोडला, स्वच्छ लिहिलं: "मला जादा मिनिटं नकोत. फक्त टेस्ट शुक्रवारी सकाळी उघडून द्या."

उत्तर कधी? बुधवारी रात्री. "आपल्याला ६० मिनिटं वाढवून दिली आहेत." आणि वर शुभेच्छा!

अहो, वाढवलं काय, तर टायमर! ६० चे १२० झाले. बंद व्हायची वेळ तीच, ८. टेस्ट ज्या मूडलवर होते, तिथे एकट्या विद्यार्थ्यासाठी वेळ बदलायची सोय आहे. त्या एकाच फॉर्मवर `Close the quiz` आणि `Time limit` असे दोन वेगळे रकाने असतात. एकाऐवजी दुसरा भरला. टायमरवर दोन तास असोत की दहा, ८ वाजले की दार बंद. साडेसातला बसलात तर अर्धाच तास मिळतो, बाकीची मिनिटं नुसती शोभेला. मेल तीन ओळींचा होता हो, तेवढा तरी वाचायचा!

लगेच उलट मेल केला. आलं काय, तर आपोआप जाणारं उत्तर: दोन कामाच्या दिवसांत संपर्क करू.

गुरुवारी सुपरवायझरच्या हातापाया पडून ब्रेक पुढे ढकलला आणि ७:४० ला स्टोअररूममध्ये मोबाइलवर टेस्ट उघडली. वीस प्रश्न, एका पानावर एक, मागे जायची सोय नाही. नवव्या प्रश्नावर होते, ८ वाजले, आणि टेस्ट आपोआप जमा झाली. उरलेले अकरा प्रश्न, डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत.

पण खरा कळस शुक्रवारी. "आपण टेस्ट सुरू केली होती, त्यामुळे आता पुन्हा संधी देता येणार नाही. सुरू केली नसती तर विचार करता आला असता."

म्हणजे धडपड केली हाच माझा गुन्हा! घरी झोपून राहिले असते तर विचार झाला असता. आणि हे सोमवारी का नाही सांगितलं? म्हणे सगळ्यांना नियम सारखा, प्रश्न फुटतात. कसले फुटतात? प्रत्येकाला प्रश्नपेढीतून वेगळे प्रश्न येतात, हे टेस्टच्या सूचनांत यांनीच लिहिलंय!

आता पुढची टेस्ट तीन आठवड्यांनी, पुन्हा गुरुवारीच. या वेळी मेलमध्ये त्या रकान्याचं नावच लिहून पाठवणार आहे, शुक्रवार सकाळी ११ या वेळेसकट. तरी टायमरच वाढवतील, बघाच.