ईपीएस डबल, पीई 6, डिव्हिडंड 30 टक्के: त्या फॉरवर्डचा हिशेब

"आपल्या भागातली कास्टिंगची कंपनी बघा. ईपीएस एका वर्षात 7.20 वरून 14.40, डबल! पीई फक्त 6, कवडीमोल भावात मिळतोय. डिव्हिडंड 30 टक्के, बँक एफडी काय देते? वर पेआउट फक्त 11 टक्के, म्हणजे पुढे वाढणारच. सगळं ऍन्युअल रिपोर्टमध्ये छापलंय, डोळे झाकून घ्या."

बेळगावातल्या चार ग्रुपवर मला हे आलं, आणि मग खानापूरच्या मामांचा फोन, उसाचं बिल जमा झालंय, घालू काय रे सगळे यात? मी म्हटलं थांबा मामा, आणि रविवारी त्यांच्या सोप्यात बसून रिपोर्टची पीडीएफ उघडली. कंपनीचं नाव घेत नाही आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

पहिलं ईपीएस, म्हणजे एका शेअरमागे किती नफा. 14.40 हा आकडा खरंच छापलाय, नफा-तोटा पत्रकाच्या अगदी तळाला असतो तो. पण मामांना म्हटलं तळाकडून वर चला की. करानंतरचा नफा 36 कोटी, आणि त्याच्या थोडं वर एक ओळ, एक्सेप्शनल आयटम्स, पुढे नोटचा नंबर. ती नोट उघडली तर जुन्या शेडची जागा विकलेली, टॅक्स जाऊन त्यातून 20 कोटी सुटलेत. जागा एकदाच विकता येते. म्हणजे कास्टिंगच्या धंद्याचा नफा 16 कोटी. छापील ईपीएसमध्ये हे 20 कोटी धरलेले असतात, नियमाप्रमाणेच असतात, कंपनीने काही लपवलेलं नाही, पण वेगळे काढून बघायचं काम आपलं.

आता भागायचं कशाने? वर्षाच्या सुरुवातीला 2 कोटी शेअर होते, 1 ऑक्टोबरला 1 कोटी नवे दिले. नवे अर्धंच वर्ष होते म्हणून ते अर्धे धरतात, सरासरी अडीच कोटी. 36 भागिले अडीच, झाले 14.40. आणि 16 भागिले अडीच म्हणजे 6.40. गेल्या वर्षी असली विक्री नव्हती, तेव्हाचे 7.20 चोख धंद्याचे. म्हणजे डबल सोडा, धंद्याचं ईपीएस घटलंय! मामा कागदाकडे बघतच राहिले.

पीई म्हणजे शेअरचा भाव ईपीएसच्या किती पट, तो याच्यावरच उभा आहे, त्यामुळे 6 चा दावा आपोआप पडतो. भाव 86.40, त्याला 14.40 ने भागलं की 6 येतं, 6.40 ने भागलं की साडेतेरा. आणि आज बाजारात शेअर पूर्ण 3 कोटी आहेत, त्या हिशेबाने ईपीएस 5.33 आणि पीई 16 च्या वर. नव्या शेअरचे पैसे अजून अर्धंच वर्ष कामाला लागलेत म्हणून हे 16 जरा कडक माप आहे हे मान्य, पण 6 तर कुठल्याच बाजूने येत नाही.

डिव्हिडंडच्या 30 टक्क्यांनी आमच्याकडची कितीतरी माणसं फसतात, वाईट वाटतं. हे टक्के फेस व्हॅल्यूवर, म्हणजे शेअरच्या दर्शनी किमतीवर असतात, बाजारभावावर नाही. फेस व्हॅल्यू 10, म्हणजे शेअरमागे 3 रुपये. तुम्ही देणार 86.40, त्यावर हे साडेतीन टक्के पण पुरते होत नाहीत, आणि एप्रिल 2020 पासून डिव्हिडंड तुमच्याच उत्पन्नात धरून टॅक्स लागतो. एफडीशी तुलना करायची तर या आकड्याची करा.

राहिलं पेआउट, म्हणजे नफ्यातला किती भाग डिव्हिडंड म्हणून वाटला. 11 टक्के कुठून आले ते शोधायला मला जरा वेळ लागला. कॅश फ्लो पत्रकात डिव्हिडंड पेड 4 कोटी लिहिलंय, ते 36 ने भागलं की 11. पण हे 4 कोटी गेल्या वर्षाचे आहेत, शेअरमागे 2 रुपये, तेव्हाच्या 2 कोटी शेअरवर. फायनल डिव्हिडंड वार्षिक सभेत मंजूर झाल्यावर वाटतात, म्हणून या वर्षाचा डिव्हिडंड त्या पत्रकात यायचाच नाही, तो सभेच्या नोटिशीत आणि डायरेक्टरांच्या अहवालात असतो. तिथे 3 रुपये आहेत, 3 कोटी शेअरवर 9 कोटी. छापील नफ्याने भागलं तर 25 टक्के, धंद्याच्या 16 कोटींनी भागलं तर 56. कमावलेल्यातलं निम्म्याहून जास्त आत्ताच वाटतायत, तर वाढणार कुठून, जागा काय दरवर्षी विकणार काय?

मामांनी अजून काही घेतलेलं नाही. पुढचा तिमाही निकाल आला की एक्सेप्शनल आयटम्सच्या आधीचा नफा तेवढा बघायचा असं ठरलंय, टॅक्स काढून तो 4 कोटींच्या आसपासच असला तर वर्षाचे तेच 16.