मेल्यावर गोळी

"मामा, तू मेल्यावर गोळी मारतोस," असं भाचा म्हणाला तेव्हा मला वाटलं, पोरगं लाडात आलंय. पण त्यानं आमच्या नेमबाजीच्या गेमचा रीप्ले दाखवला. शत्रू भिंतीच्या कडेनं डोकावतो, माझी बंदूक शांत, मी आडवा. बंदूक माझ्यासाठी सुतक पाळत असावी.

हे सगळं नवं ग्राफिक्स कार्ड आणल्यापासूनचं. त्याच्यासोबत मेनूत 'फ्रेम जनरेशन' नावाची चौकट आली. तिच्यावर टिचकी मारली की सेकंदाला किती चित्रं दिसतात ते सांगणारा कोपऱ्यातला ७० चा आकडा थेट १२० होई. पगार असा कधी वाढला नाही. मी बायकोलाही बोलावून तो आकडा दाखवला. तिनं "बरं" म्हटलं आणि गॅस बंद करायला गेली.

आता हे १२० येतात कुठून? निम्मी चित्रं गेम काढतो, निम्मी कार्ड मनानं रंगवतं. दोन खऱ्या चित्रांच्या मधलं चित्र काढायचं, तर दुसरं आधी हातात हवं. म्हणजे पेपरवाला समजा. आजचा अंक त्याच्याकडे पहाटेच आला, पण तो तुम्हाला देत नाही. कालचा आणि आजचा अंक शेजारी ठेवून तो स्वतःच्या हातानं एक 'मधला' अंक लिहितो, आधी तो दारात टाकतो आणि आजचा दुपारनंतर. दिवसाला दोन अंक मिळाले म्हणून तुम्ही खूश. बातमी मात्र शिळी.

शिवाय त्या मधल्या अंकात तुमचं पत्र छापून येत नाही. माउसची हालचाल, क्लिक, हे सगळं गेम फक्त खरं चित्र काढताना वाचतो. पडद्यावर १२० दिसले तरी माझं म्हणणं ऐकणारे साठच. होय, साठ, सत्तर नव्हे. मधली चित्रं रंगवायचं कामही त्याच कार्डाला करावं लागतं, म्हणून खऱ्यांतली दहा त्यातच गेली.

भाच्याचा असल्या उपमांवर विश्वास नाही. त्यानं मोबाईल पुस्तकांच्या चळतीवर टेकवला, सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन लावला आणि माझं बोट व पडदा एकाच चौकटीत घेतले. मी भिंतीवर गोळ्या झाडायच्या, त्यानं क्लिकपासून नळीतल्या ठिणगीपर्यंतची चित्रं मोजायची. एक चित्र म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. दर वेळी आकडा थोडा हलतो, म्हणून प्रत्येकी दहादा. चौकट बंद असताना सरासरी १४ चित्रं, म्हणजे ५८ मिलिसेकंद. चालू असताना २०, म्हणजे ८३.

हा पंचवीसचा हिशेबही लागतो. साठच्या वेगाला एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांचं, आणि खरं चित्र दडवून ठेवण्यात निदान त्याच्या निम्मा वेळ जातो. उरलेला वेळ रंगकामाचा आणि सत्तरचे साठ झाल्याचा.

मी लगेच वकिली केली, की माझ्या एका मित्राला काहीच फरक जाणवत नाही! भाच्यानं विचारलं, "त्यानं रिफ्लेक्स दोन्ही वेळा चालू ठेवलं होतं का?" ही मेनूतली दुसरी चौकट. प्रोसेसरनं कार्डापुढे चित्रांची रांग लावू नये, एवढं ती बघते आणि उशीर कमी करते. बऱ्याच गेममध्ये फ्रेम जनरेशन लावलं की ती आपोआप चालू होते. मित्रानं आधी दोन्ही बंद ठेवून मोजलं, मग दोन्ही चालू ठेवून. एकीनं कमावलं, दुसरीनं उडवलं, आणि हा म्हणतो घरात सगळं ठीक आहे.

सगळ्यात वाईट वाटलं ते पुढचं ऐकून. खरा वेग २०० असेल तर एक चित्र पाचच मिलिसेकंदांचं, मग दडवणूकही तशीच थोडी. ३० असेल तर चित्र तेहतीसचं, दडवणूकही त्याच प्रमाणात. म्हणजे ज्याचं कार्ड दमलंय, ज्याला गरज आहे, त्यालाच व्याज जास्त. हे मला आमच्या पतपेढीमुळे आधीच कळायला हवं होतं.

डोंगरदऱ्यांतून एकट्यानं घोडा पळवायच्या गेममध्ये मी ती चौकट आजही लावतो. तिथे झाडं सुरेख सळसळतात आणि घोड्याला घाई नसते. पण नेमबाजीत कोपऱ्यामागून निघणाऱ्या माणसाची जागा आधीच्या चित्रात नसतेच, त्यामुळे तिथे कार्ड अंदाजानं काहीतरी फासतं. मला एकदा शत्रूचा खांदा भिंतीच्याच रंगाचा दिसला.

शेवटी चौकट काढली आणि सावल्या, गवत, पाण्यातली प्रतिबिंबं सगळं खालच्या टोकाला नेलं. खरे ११० मिळाले. शहर चुना मारलेल्या म्हाडाच्या इमारतीसारखं दिसायला लागलं. तरी मी मेलो.

भाच्यानं पुन्हा मोबाईल लावला. या वेळी शत्रू पडद्यावर दिसल्यापासून माझं बोट हलेपर्यंत मोजलं. ७८ चित्रं, ३२५ मिलिसेकंद.

"मामा," तो मेनू चाळत म्हणाला, "हे कुठून बंद होतं?"