स्टेरॉइडची भूक वेगळी, जळजळ वेगळी

‘स्टेरॉइडच्या गोळीने पोटात ॲसिड वाढतं, म्हणून सारखी भूक लागते. पोटभर खाल्लं की जळजळही थांबते. तरी त्रास झाला तर गोळी लगेच बंद करावी.’

नाशिकरोडला माझं औषधांचं दुकान आहे. हा मेसेज दाखवत गिऱ्हाईक येतं, तेव्हा काळजी वाटते, कारण यातलं एकही वाक्य धड नाही.

भूक पोटातून येत नाही, मेंदूतून येते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शरीरातल्या कॉर्टिसॉल या हार्मोनसारखंच काम करतं. त्याने मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधले ‘खा’ सांगणारे संदेश जोर धरतात आणि ‘पुरे’ सांगणाऱ्या लेप्टिनचं फारसं चालत नाही. म्हणून भरपेट जेवूनही तासाभरात पुन्हा डबे उघडावेसे वाटतात. ॲसिडची गोळी घेऊन ही भूक कमी होत नाही, स्टेरॉइडचा डोस उतरला की होते. तोवर दिसेल ते खाऊ नका. या गोळीने रक्तातली साखर तशीही चढते, विशेषतः दुपारनंतर.

जळजळीचं कारण निराळं. जठराच्या अस्तरावर चिकट थर असतो, तो टिकवायला प्रोस्टाग्लँडिन लागतं. स्टेरॉइडने ते कमी तयार होतं आणि झालेली इजाही सावकाश भरते. मग नेहमीचंच ॲसिड झोंबतं. खाल्ल्यावर क्षणभर बरं वाटतं, पण थोड्या वेळाने आग परत येते. छातीच्या खाली जळत असेल, आंबट ढेकर येत असतील, तर ती भूक नव्हे.

एकट्या स्टेरॉइडने अल्सर होण्याचा धोका तसा कमीच. खरा घात होतो तो सोबतच्या वेदनाशामक गोळीने. जेलरोडच्या एका मावशींना संधिवातासाठी प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम सुरू होतं. सकाळी नुसत्या चहावर ती गोळी, आणि गुडघे दुखले की मनानेच डायक्लोफिनॅक. दोन्ही औषधं तोच थर पातळ करतात, म्हणून धोका कितीतरी पटींनी वाढतो. मी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं. त्यांनी डायक्लोफिनॅक बंद करून पॅरासिटामॉल दिलं, नाश्त्याआधी अर्धा तास ॲसिड कमी करणारं पॅन्टोप्राझोल आणि नाश्ता झाल्यावर स्टेरॉइड असं लावून दिलं. पंधरवड्यात जळजळ गेली. भूक मात्र तशीच राहिली, आणि पुढे डोस कमी होत गेला तशी उतरली.

राहिलं गोळी बंद करण्याचं. तीनेक आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड चालू असेल, तर मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं जवळजवळ थांबवतात. अशात गोळी एकदम तोडली की गळून जायला होतं, उलट्या होतात, बीपी धोकादायक उतरू शकतो. डोस डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायचा.

शौच डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच वेळी दवाखाना गाठा. स्टेरॉइडमुळे अल्सरचं दुखणं दबून राहू शकतं, त्यामुळे पोट दुखायची वाट बघू नका.