ज न मांज पा द व्यांद

फ्रान्समध्ये ल्यों शहरात शाकाहारी माणसाने संसार थाटायचा म्हणजे रोज कुणाला तरी ‘मी मांस खात नाही’ हे सांगायचं, कारण इथल्या प्रसिद्ध सॅलडवर सुद्धा वरून अंडं आणि आत डुकराचे परतलेले तुकडे असतात. सांगायला माझी हरकत नाही हो, पण मांस म्हणजे व्यांद, आणि त्याच्या आधी काय लावायचं हा जो काही घोळ आहे ना, त्यापेक्षा उपास परवडला.

आपल्याकडे कसं, पाव आण, पाणी दे, विषय संपला. फ्रेंच नाम असं उघडंवाघडं बाहेर पडत नाही. माप न ठरवता ‘थोडंसं’ काही खायचं-प्यायचं असेल तर पुल्लिंगी वस्तूला द्यू (द्यू पँ, म्हणजे पाव), स्त्रीलिंगीला द ला (द ला व्यांद), पुढे स्वर आला तर द ल (पाणी ‘ओ’ म्हणून द लो), आणि अनेकवचनाला दे. पालक अनेकवचनी आहे, का ते विचारू नका. आणि ‘थोडंसं’ न म्हणता नुसतं अं पुले म्हणालात तर अख्खी कोंबडी मागितल्यासारखं होतं, आमच्या नवऱ्याला (तो खातो) त्याचं फारसं वाईट वाटलं नसतं ते सोडा.

बरं हे सगळं लिंगबिंग पाठ करावं तर नकार आला की सगळं पुसलं जातं! ज मांज द ला व्यांद, मी मांस खाते. ज न मांज पा द व्यांद, खात नाही. ‘ला’ गायब. द्यू असो, द ला असो, दे असो, नकारानंतर उरतो नुसता द. स्वरापुढे त्याचाही अ उडतो, चातुर्मासात कांदा नको तर पा दोन्यों.

क्लासमध्ये ‘नियम आहे’ एवढंच सांगतात. पण कारण छान आहे. जुन्या फ्रेंचमध्ये नकार नुसत्या ‘न’ ने व्हायचा आणि जोर यावा म्हणून मागे काहीतरी बारकं जोडायचे, चालत नाही एक पाऊलसुद्धा, पीत नाही एक थेंबसुद्धा, खात नाही एक कणसुद्धा. त्यातलं पाऊल म्हणजे पा, तेच पुढे सगळीकडे चिकटलं आणि आज त्याचा पावलाशी संबंधही राहिला नाही. आता कण म्हटला की कशाचा कण हे आलंच, पावाचा, मांसाचा, आणि हा ‘चा’ म्हणजेच द. आपण नाही का म्हणत, घरात तेलाचा थेंब नाही, तसंच. फ्रेंचमध्ये कुठलंही माप आलं की मागे नुसता द येतो, बोकू द म्हणजे भरपूर, अं किलो द म्हणजे किलोभर, मग शून्य हेही एक मापच झालं की, पा द.

हे डोक्यात बसलं म्हणून मी खुशीत असतानाच शेजारच्या मादामनी जेवायला बोलावलं. ताटात गुलाबी चकत्या. मी म्हटलं, ज न मांज पा द व्यांद. त्या एकदम शांतपणे, स ने पा द ला व्यांद, से द्यू जांबों! म्हणजे हे मांस नाहीये, हे तर हॅम आहे. (हे उत्तर इथे इतक्या जणांकडून ऐकलंय की डुक्कर ही फळभाजी आहे असं सरकारने जाहीर केलंय की काय असं वाटतं.) पण मी अडकले व्याकरणात, नकार आहे आणि द ला जसाच्या तसा? तर हो, बरोबर आहे, कारण मादाम ‘मांसाचा कण नाही’ असं म्हणतच नव्हत्या, समोर वस्तू भरपूर होती, त्यांचा वाद फक्त तिला काय म्हणायचं एवढाच होता. ‘आहे’ वाल्या एत्र क्रियापदाबरोबर माप शून्य होत नाही, म्हणून द ला टिकतो.

मग त्यांनी विचारलं, आवडत नाही का? इथे तिसरंच. ज नेम पा ला व्यांद. नावड वाटीभर नसते, ती सगळ्या मांसजातीची असते, तिथे माप मुळात नव्हतंच, त्यामुळे ला जागचा हलत नाही.

हॉटेलात मात्र मी हल्ली सां वापरते, ‘शिवाय’ या अर्थाचा, त्याच्यापुढे तर बहुतेक वेळा द पण लागत नाही, सां व्यांद, सां जांबों, काम झालं. वेटर लिहून घेतो, मान डोलावतो आणि विचारतो, मे द्यू पुआसों, वुई? म्हणजे मासे तर चालतील ना? मासा पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे मी अजून पाठ केलेलं नाही आणि करणारही नाही. पा द पुआसों.