पुरवठादारांची नावे जुळवताना टक्केवारीची मर्यादा कुठे फसते: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «तुमच्या लेखात सांगितल्याप्रमाणे ८५ टक्क्यांची मर्यादा ठेवून मी स्कॅन केलेल्या बिलांवरची नावे व्हेंडर मास्टरशी जुळवली. एका पुरवठादाराची चार बिले दुसऱ्याच्याच खात्यात गेली आणि ते पेमेंटच्या आदल्या दिवशी लक्षात आले. मर्यादा ९५ केली, तर निम्मी बिले कोणाशीच जुळेनात. आकडा खाली आणला तर चुका आणि वर नेला तर हाती काही नाही, अशी पद्धत लोकांना कशाला सांगता? आमचे अकाउंटंट हेच काम नजरेने करतात आणि त्यांची चूक होत नाही.»

उत्तर:

नमस्कार. त्या चार बिलांच्या गोंधळाला माझ्या लेखातली एक ओळ कारणीभूत आहे, हे आधी मान्य करतो. ‘साधारण ८५ टक्के’ असा एकच आकडा मी तिथे लिहिला होता आणि त्यामागची अट लिहायची राहिली होती. कच्च्या नावांवर कोणतीही एक मर्यादा चालत नाही. असे का होते, हे उदाहरणादाखल बनवलेल्या नावांवर दाखवतो. पहिली दोन नावे मास्टरमधली, दोन वेगळ्या पुरवठादारांची आहेत असे समजू, आणि तिसरे बिलावरून वाचले गेले आहे.

```
Sunrise Packaging Private Limited
Sunshine Packaging Private Limited
Sunrise Pkg P Ltd
```

एका नावाचे दुसरे नाव करण्यासाठी किमान किती अक्षरे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, ते मोजण्याला लेव्हेनश्टाइन अंतर म्हणतात. पहिल्या दोन नावांत हे अंतर फक्त ३ आहे आणि लांब नाव मोकळ्या जागांसह ३४ अक्षरांचे आहे, म्हणून साम्य ९१ टक्के येते. पहिले आणि तिसरे नाव एकाच पुरवठादाराचे असूनही त्यांच्यात १६ अक्षरांचा फरक पडतो, आणि ३३ अक्षरांच्या नावात तो धरला की साम्य जेमतेम ५२ टक्के उरते. परके नाव ९१ वर आणि स्वतःचे नाव ५२ वर असेल, तर दोघांना बरोबर वेगळे करणारी रेघ कुठेही ओढता येणार नाही. तुमच्या ८५ ला परके आत आले आणि ९५ ला आपले बाहेर राहिले, ते यामुळेच.

आता तुमच्या अकाउंटंटकडे वळू, कारण माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच कामाच्या पद्धतीत आहे. ते नाव वाचतात तेव्हा ‘प्रायव्हेट लिमिटेड’वरून त्यांची नजर घसरत पुढे जाते आणि पहिल्या शब्दावर थांबते. ‘पीकेजी’ दिसले की त्यांच्या मनात ‘पॅकेजिंग’ उमटते. यंत्राकडून आधी एवढे करून घ्यायचे आणि मग साम्य मोजायचे. कंपनीचा कायदेशीर प्रकार सांगणारे शेपूट काढून वेगळ्या रकान्यात ठेवले आणि संक्षेप उलगडले, की तिसरे नाव पहिल्याशी १०० टक्के जुळते, तर सनराइज आणि सनशाइन या दोघांमधले साम्य ९१ वरून ८३ टक्क्यांवर उतरते. दोघांत समान असलेला ‘पॅकेजिंग’ही बाजूला ठेवून केवळ पहिले शब्द ताडले, तर ते ६३ पर्यंत खाली येते. फरकाची अक्षरे तीनच आहेत, पण त्यांना झाकणारी गर्दी दूर झाली.

शेपूट वेगळ्या रकान्यात ठेवा असे म्हटले, कारण ते फेकून द्यायचे नसते. एकाच कुटुंबाची ‘अमुक ट्रेडर्स’ ही भागीदारी आणि ‘अमुक ट्रेडर्स लिमिटेड’ ही कंपनी अशी दोन वेगळी खाती असू शकतात. मूळ नाव जुळले आणि शेपूट विरुद्ध निघाले, तर ते बिल आपोआप पुढे जाऊ नये.

कोणता शब्द किती महत्त्वाचा हे हाताने ठरवत बसू नका, ते तुमची मास्टर यादीच सांगते. समजा, यादीत २००० नावे आहेत, त्यांपैकी १४०० नावांत ‘प्रायव्हेट’ आहे, ४० नावांत ‘पॅकेजिंग’ आहे आणि ‘सनराइज’ एकाच नावात आहे. एकूण नावांना शब्द असलेल्या नावांच्या संख्येने भागून त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घेतला, की वजने अनुक्रमे सुमारे ०.३६, ३.९ आणि ७.६ येतात. इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात मी स्वतः अडकलो होतो. चुकीचा वाचलेला शब्द यादीत कुठेच नसतो, म्हणून या हिशेबात तो अतिदुर्मीळ ठरतो आणि त्याला सगळ्यांत जास्त वजन मिळते. म्हणून आधी शब्दाला शब्द अक्षरांवरून जुळवावा आणि वजन मास्टरमधल्या शब्दाचे घ्यावे, बिलावरच्या शब्दाचे नव्हे.

वाचनातल्या चुका ठरावीक वळणाच्या असतात. शून्य आणि `O`, पाच आणि `S`, आठ आणि `B` यांची अदलाबदल होते. `rn` चे `m` होते. एक, मोठा `I` आणि लहान `l` हे तिघे एकमेकांच्या जागी येतात. त्यासाठी तुलनेपुरती एक वेगळी किल्ली, म्हणजे नावाची बदललेली प्रत, तयार करावी आणि तिच्यात प्रत्येक जोडीसाठी एकच खूण ठेवावी. ही घडी दोन्ही बाजूंना, म्हणजे बिलावरच्या आणि मास्टरमधल्या नावाला सारखीच घालायची. त्यामुळे ‘मॉडर्न’ या इंग्रजी शब्दातल्या `RN` चे `M` झाले तरी बिघडत नाही, कारण मास्टरमध्येही तेच झालेले असते. मात्र या घडीमुळे मास्टरमधलीच दोन नावे एक होतात का, हे आधी तपासा. `A1 Traders` आणि `AI Traders` दोन्ही तुमच्याकडे असतील, तर ती जोडी कायम माणसाकडेच जायला हवी.

संक्षेपांच्या तक्त्याबाबतही अशीच काळजी लागते. `Engg` म्हणजे इंजिनीअरिंग यात वाद नाही, पण `Elec` म्हणजे इलेक्ट्रिक, इलेक्ट्रिकल्स की इलेक्ट्रॉनिक्स, हे नुसत्या संक्षेपावरून कळत नाही. तक्त्यात एका संक्षेपापुढे जेवढे अर्थ शक्य आहेत तेवढे सगळे ठेवावेत आणि प्रत्येक अर्थ घेऊन ताडून पाहावे. एकच अर्थ लादला, तर यंत्र पूर्ण खात्रीने चुकीच्या खात्यावर बोट ठेवते.

तरीही एक जागा अशी येते, जिथे नाव कितीही स्वच्छ केले तरी निर्णय होत नाही. बिलाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत फक्त `SPPL` छापले आहे असे समजा. सनराइज पॅकेजिंग प्रायव्हेट लिमिटेडची आद्याक्षरे तीच आणि सनशाइन पॅकेजिंग प्रायव्हेट लिमिटेडचीही तीच. अशा वेळी तुमचे अकाउंटंट नावाकडे पाहतच नाहीत. ते बिलावर खरेदी आदेशाचा क्रमांक शोधतात, कारण तो आदेश ज्याच्या नावे काढला त्याचे खाते तिथे आधीच नोंदलेले असते. माझ्या मते हा क्रम सगळ्याच बिलांना लावावा. खरेदी आदेश किंवा कर-नोंदणी क्रमांक वाचता आला, तर त्यावरून खाते शोधावे आणि नावाचा उपयोग फक्त पडताळणीसाठी करावा. हे क्रमांकही चुकीचे वाचले जातात, पण अनेक देशांच्या कर-क्रमांकात पडताळणीचा अंक असतो, त्यामुळे एखादे अक्षर बदलले की ते बहुतेक वेळा लगेच पकडता येते. क्रमांक एका खात्याकडे आणि नाव दुसऱ्याकडे बोट दाखवत असेल, तर ते बिल थांबलेच पाहिजे.

क्रमांक नाहीतच आणि फक्त नाव हाती आहे, अशा बिलांसाठी मर्यादा ठेवावी लागते, पण तेव्हा दोन गोष्टी पाहायच्या. पहिल्या उमेदवाराचे गुण पुरेसे आहेत का, हे तर पाहायचेच, आणि दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार त्याच्यापासून किती मागे आहे, हेही पाहायचे. ९२ आणि ६० असतील तर पुढे जाता येते; ९२ आणि ९० असतील तर ९२ ला काही अर्थ नाही. फेलेगी आणि संटर यांनी १९६९ मध्ये नोंदी जुळवण्याचा जो सिद्धांत मांडला, त्यात निर्णय तीन प्रकारचे आहेत: जुळले, जुळले नाही, आणि माणसाने पाहावे असे. माझ्या लेखात हा तिसरा प्रकार नव्हता आणि तुमच्या चार बिलांची जागा नेमकी तिथे होती. ‘यादीत नाही’ हे उत्तरही यंत्राला देता आले पाहिजे, नाहीतर नव्या पुरवठादाराचे पहिले बिल जवळच्या कोणाच्या तरी खात्यात ढकलले जाते.

पहिल्या आणि दुसऱ्या उमेदवारातले हे अंतर पाहण्यापूर्वी मास्टरमधली दुबार खाती निकाली काढावी लागतात. एकाच पुरवठादाराची दोन खाती असतील, तर पहिला आणि दुसरा उमेदवार कायम बरोबरीत येतील आणि त्याचे प्रत्येक बिल माणसाकडे जाईल. बिले अशी अडकू नयेत, म्हणून आधी मास्टर स्वतःशीच जुळवून पाहा. दुबार खाते पुसू नका; ते निष्क्रिय करून चालू खात्याचा क्रमांक त्यावर नोंदवा, कारण जुनी बिले त्याला बांधलेली असतात. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या कर-नोंदणीच्या शाखा मात्र दुबार समजू नका.

माणसाने एकदा निर्णय दिला, की वाचलेले नाव जसेच्या तसे आणि त्यापुढे खात्याचा क्रमांक अशी नोंद पर्यायी नावांच्या तक्त्यात ठेवावी. पुढच्या वेळी तेच नाव आले की मोजणी करावीच लागत नाही. नोंद कोणी आणि कधी केली हेही लिहून ठेवा, कारण इथली एक चूक दर महिन्याला स्वतःला गिरवत राहते. `SPPL` सारखी दोघांना लागू पडणारी आद्याक्षरे या तक्त्यात कधीच घालू नयेत. आणि जुळवणीच्या कार्यक्रमाला मास्टरमध्ये काहीही लिहिण्याचा अधिकार देऊ नये. बिलावर नवा बँक खाते क्रमांक दिसला आणि तो आपोआप मास्टरमध्ये उतरला, तर नाव बरोबर जुळूनही पैसे परक्या माणसाला जातील.

तुमच्या अकाउंटंटची चूक होत नाही हे मी खोटे मानत नाही, म्हणून त्यांचेच काम मापाला घ्या. पेमेंट होऊन ताळा लागलेली २०० जुनी बिले निवडा, त्यांची खरी खाती बाजूला ठेवा आणि नवी पद्धत त्यांच्यावर चालवा. चुकीच्या खात्यात गेलेली आणि माणसाकडे पाठवलेली बिले वेगवेगळी मोजा. दोन्हींची मिळून एकच टक्केवारी काढली, तर महागडी चूक स्वस्त चुकीआड लपते. यंत्राने स्वतः निकाल दिलेल्या बिलांत एकही चूक निघाली नाही, तरी चुकांचे प्रमाण शून्य आहे असे समजू नका. अशी बिले २०० असतील, तर खरे प्रमाण दीड टक्क्यापर्यंत असू शकते, एवढेच त्यातून ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. ती कमी असतील, तर ही वरची हद्द आणखी वर जाते. बिले निवडताना सारखी नावे असलेले पुरवठादार मुद्दाम वेगळे काढून त्यांची एक स्वतंत्र चाचणी करा, आणि चुकीच्या खात्यात गेलेली ती चार बिले तिच्यात जरूर घाला.