अर्धवट वाक्यानं नोटिफिकेशनचं काम होत नाही

«नोटिफिकेशनचं शीर्षक ४० अक्षरांत आणि मजकूर १२० अक्षरांत बसवा, म्हणजे लॉक स्क्रीनवर सगळं दिसतं. सुरुवातीला इमोजी टाका, नाव घाला, आणि मुख्य गोष्ट लपवून उत्सुकता ताणा. लोक उघडतातच.»

ॲपच्या सूचना लिहिणाऱ्यांना मिळणाऱ्या या सल्ल्यातली पहिली अडचण मोजणीत आहे. फोन अक्षरं मोजत नाही, रुंदी मोजतो. ओळीत मावतं तेवढं दाखवतो आणि पुढे तीन टिंबं टाकतो. कुठे तुटणार हे स्क्रीन, फॉन्ट आणि वापरणाऱ्यानं ठेवलेला अक्षरांचा आकार यांवर ठरतं. देवनागरीत तर अक्षरांचा आकडा आणखीच फसवा. ‘कमळ’ हा शब्द युनिकोडच्या हिशोबात ३ भरतो आणि ‘स्त्री’ ६, पण स्क्रीनवर ‘कमळ’च जास्त जागा घेतो. काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. त्यामुळे सर्व्हरवर ४० ला कात्री लावणारा कोड मराठी शीर्षक विनाकारण आखूड करतो, आणि कधी नेमका जोडाक्षराच्या मध्ये कापून शेवटी लोंबता हलंत ठेवतो. कापायचं काम फोनला करू द्यावं, आपण वाक्य सांभाळावं.

१२० चा आकडाही असाच. आयफोनच्या लॉक स्क्रीनवर मजकुराच्या काही ओळी दिसतात, पण अँड्रॉइडवर मिटलेल्या नोटिफिकेशनमध्ये साधारणपणे शीर्षकाची एक ओळ आणि मजकुराची एक ओळ एवढंच. बाकीचं बाण दाबून उलगडल्यावर दिसतं, तेही विस्तारित शैली दिलेली असेल तर. म्हणजे हिशोब पहिल्या ओळीचाच धरायचा.

इथे मराठीचा खरा पेच येतो, आणि तो इंग्रजीवरून उचललेल्या सल्ल्यांत कधीच नसतो. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. एका दवाखान्याच्या ॲपनं पाठवायचा हा मजकूर बघा:

«डॉक्टरांच्या अनुपस्थितीमुळे तुमची आजची ४:३० ची अपॉइंटमेंट होणार नाही»

संगणकाच्या मोजणीत हे ६८ भरतं, १२० च्या बरंच आत. पण अक्षरं मोठी ठेवलेल्या फोनवर ओळ संपते ती अशी: «…४:३० ची अपॉइंटमेंट होणार…». ‘नाही’ टिंबांत गेलं. माणूस निर्धास्तपणे दवाखान्यात पोचेल! अक्षरं मोठी ठेवणारे बहुतेक वयस्कर असतात, म्हणजे हेलपाटा ज्यांना सर्वात जड जाणार तेच.

उपाय मजकूर कमी करण्याचा नाही, क्रम बदलण्याचा आहे. निकाल सांगणारा शब्द शीर्षकात यावा, तोही नामाच्या किंवा विशेषणाच्या रूपात, म्हणजे क्रियापदाची वाट बघावी लागत नाही. ‘होणार नाही’ ऐवजी ‘रद्द’, ‘मंजूर झाला नाही’ ऐवजी ‘नामंजूर’. कारण मागे ढकलावं, बऱ्याचदा ते ॲपच्या आत सांगितलं तरी चालतं. ‘महत्त्वाची सूचना’, ‘आपणास कळविण्यात येते की’ हे तर काढूनच टाकावं. ॲपचं नावही शीर्षकात नको, शेजारी आयकॉन असतोच.

«आजची ४:३० ची वेळ रद्द»
«६ वाजता जागा राखली आहे. ५ पर्यंत होकार द्या, नाहीतर दुसरी वेळ निवडा.»

मजकूर ‘राखली आहे’ पाशी तुटला तरी वाचणाऱ्याचं नुकसान होत नाही. उत्सुकता ताणण्याच्या सल्ल्याला उत्तरही इथेच आहे. «तुमच्या अपॉइंटमेंटमध्ये एक बदल झालाय…» असं लिहिलं तर लोक उघडतील, कबूल. पण ते घाबरून उघडतील, आणि पुढच्या वेळी हाच सूर एखाद्या सवलतीसाठी वापरलात की चिडतील. वरच्या रूपात काय झालं ते बाहेरच कळतं. उघडायचं कारण वेगळंच आहे: आत एक काम उरलंय आणि त्याला मुदत आहे. आत काहीच काम नसेल, तर न उघडता वाचून सोडून दिलेलं नोटिफिकेशनही यशस्वीच म्हणायचं. उघडण्याचा आकडा ते दाखवत नाही, म्हणून त्याच्यासोबत किती जणांनी सूचना बंद केल्या तेही बघा. अँड्रॉइड ८ पासून वेगवेगळ्या प्रकारच्या सूचनांना वेगळे चॅनल देता येतात. जाहिरात आणि अपॉइंटमेंट एकाच चॅनलवर असेल, तर जाहिरातीला वैतागलेला माणूस दोन्ही बंद करतो, आणि ते परत चालू करणं ॲपच्या हातात राहत नाही.

नावाबद्दल थोडक्यात: नाव पहिल्या ओळीतली सर्वात महागडी जागा खातं, आणि वाचणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं. अपवाद एकच, एका खात्यावर घरातल्या चौघांच्या वेळा घेतल्या जात असतील तेव्हा. इमोजीही जागा खातो, शिवाय स्क्रीन वाचून दाखवणारी सुविधा आधी इमोजीचं नाव उच्चारते आणि मग तुमचं ‘रद्द’ येतं.

‘सगळं दिसतं’ हे गृहीतकच मुळात कच्चं आहे. फेस आयडी असलेल्या आयफोनवर मूळ सेटिंग असं असतं की चेहरा ओळखेपर्यंत मजकूर झाकलेला राहतो. झाकलेल्या अवस्थेत काय दिसावं हे ॲपला ठरवता येतं: `hiddenPreviewsBodyPlaceholder` मध्ये ‘अपॉइंटमेंटमध्ये बदल’ एवढं ठेवलं तरी पुरे. अँड्रॉइडवर हेच काम `setPublicVersion` करतं. आणि दवाखान्याच्या बाबतीत उघड मजकुरातसुद्धा विभागाचं नाव लिहू नये. फोन टेबलावर पडलेला असतो, वाचणारा दुसराच कुणी असू शकतो.

पाठवण्याआधी अक्षरं मोठी करून बघणं हे मिनिटभराचं काम आहे. अँड्रॉइड फोन संगणकाला जोडून ही आज्ञा चालवा:

```
adb shell settings put system font_scale 1.3
```

पहिल्या ओळीत जे उरतं तेवढंच मोठ्यानं वाचा. अर्थ उलटा होत असेल तर क्रम बदला. झाल्यावर आकडा 1.0 करायला विसरू नका.

राहिला ‘आज’. फोन बंद असेल तर नोटिफिकेशन सर्व्हरवर थांबून राहतं. एफसीएमवर, म्हणजे सूचना पोचवणाऱ्या गूगलच्या सेवेवर, मुदत दिली नाही तर ४ आठवड्यांपर्यंत. म्हणजे «५ पर्यंत होकार द्या» हे रात्री ९ ला, किंवा परवा सकाळी उमटू शकतं. एफसीएममध्ये `ttl` आणि ॲपलकडे `apns-expiration` देऊन होकाराचा मजकूर ५ लाच संपवावा. आधीच पोचलेलं नोटिफिकेशन मात्र लॉक स्क्रीनवर तसंच पडून राहतं. त्यासाठी ५ नंतर त्याच ओळखीनं, म्हणजे तोच `apns-collapse-id` किंवा अँड्रॉइडवर तोच `tag` देऊन, नवा मजकूर पाठवावा. तो जुन्याच्या जागी बसतो: «मंगळवारची ४:३० ची वेळ रद्द», खाली «६ ची जागा गेली. नवी वेळ निवडा.» या दुसऱ्याला मोठी मुदत चालते, कारण त्यात ‘आज’ नाही, वार आहे.