बँकेत जुनाच पत्ता कसा टिकवावा

पुण्याहून नागपुरात आलात, मनीषनगरात भाड्यानं फ्लॅट घेतला, कूलरही लावला. आता ही बातमी बँकेला तेवढी लागू देऊ नका. नवं एटीएम कार्ड पुण्याच्या जुन्या घरी जाईल, कुलूप पाहून परत फिरेल. फिरू द्या.

घरच्यांनी फारच टुमणं लावलं तर शाखेत पॅन कार्ड घेऊन जा. त्यावर पत्ता नसतोच, हे रांगेत तासभर उभं राहून ऐकण्यात वेगळी मजा आहे. पुढच्या खेपेला महावितरणचं बिल न्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल चालतं, एवढंच वाचून निघा. बिलावर घरमालकाचं, नाहीतर त्याच्या वडिलांचं नाव असतं, तिकडे लक्ष देऊ नका. पाण्याचं बिल आणि मालमत्ता कराची पावतीही त्यांच्याच नावाची. भाडेकरूच्या स्वतःच्या नावानं सहज निघतं ते पोस्टपेड मोबाइलचं बिल, म्हणून तुम्ही प्रीपेडच राहा. चुकून असं बिल चाललंच, तरी ती तात्पुरती सोय असते. तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं आधार, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र द्यावं लागतं. विसरायला तीन महिने भरपूर झाले.

भाडेकरार नोटरीवरच उरका. महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी सक्तीची आहे, पण नोंदणीकृत करार हाती आला की त्यावर आधारचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो आणि तेच आधार बँकेत चालतं. म्हणजे सगळं फारच लवकर संपेल! त्यापेक्षा खाजगी घरमालकाचा करार घेऊन थेट बँकेत जा. रिझर्व्ह बँकेच्या यादीत तो नाही. यादीत आहे ते सरकारी खातं, बँक, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी अशा नोकरी देणाऱ्या मालकानं कर्मचाऱ्याला दिलेल्या घराचं पत्र किंवा करार. काही बँका खाजगी करारही घेतात, म्हणून नकार मिळेल अशीच शाखा शोधा.

सगळ्यात धोकादायक म्हणजे स्वघोषणापत्र. केवायसी अद्ययावत करताना फक्त पत्ता बदलला असेल, तर बँकेकडे नोंदवलेल्या मोबाइल किंवा ईमेलवरून, अ‍ॅपवरून अथवा साध्या पत्रानं नवा पत्ता कळवता येतो. मग बँक दोन महिन्यांत त्याची खातरजमा करते, बहुधा त्याच पत्त्यावर पत्र किंवा माणूस पाठवून. म्हणून पत्ता लिहिताना ‘मनीषनगर, मंदिराच्या मागे’ एवढंच लिहा. प्लॉट नंबर, ले-आउटचं नाव, विंग कशाला? पिनकोडही पुण्याचा 411 नं सुरू होणारा राहू द्या, 440 आठवणीनं टाळा. दारावर घरमालकाच्याच नावाची पाटी ठेवा, आणि खालच्या चौकीदाराला तुमचं नाव कळू देऊ नका. पत्र परत गेलं, की खातरजमा झाली नाही म्हणून बँक नवा पत्ता मानायला तयार होणार नाही.